अक्षय्य तृतीयेच्या लग्नाची पत्रिका : मजकुराच्या नोंदी

(भाचीच्या लग्नाच्या पत्रिकेचा मजकूर ठरवण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण छापखान्यात मुद्रितशोधन करण्यात माझी वीस वर्षं गेली. वहीतल्या नोंदी थोड्या आवरून देते आहे. नावं काढून नाती ठेवली आहेत.)

१२ जानेवारी २०२५, रविवार

तारीख पक्की झाली. अक्षय्य तृतीया, बुधवार, ३० एप्रिल. लग्न सांगलीत, विश्रामबागेजवळच्या कार्यालयात. दुसऱ्या दिवशी महाराष्ट्र दिनाची सुट्टी, म्हणून मुंबई-पुण्याची मंडळी खूश. व्याही वडोदऱ्याचे मराठी, तिथे तीन पिढ्या राहिलेले. आपल्याकडची पांगापांग अशी : आत्या इंदूरला, भाऊजींचे मित्र नागपुरात, भाचीचं ऑफिस बेंगळुरूला. एकूण साडेतीनशे पत्रिका, त्यांतल्या नव्वदेक बाहेरगावी जाणाऱ्या.

ताई म्हणाली, "मागच्या वर्षीच्या पत्रिकेतलाच मजकूर घे आणि नावं बदल." ती पत्रिका काढून बघितली. एक मुहूर्त, एक पत्ता, खाली "हेच आग्रहाचे निमंत्रण समजावे". गावातल्या माणसाला तेवढं पुरतं, बाकीचं तो शेजारी विचारून घेतो. इंदूरहून येणाऱ्याला पत्रिका हातात पडल्यावर पहिला प्रश्न पडतो तो मुहूर्ताचा नसतो. मंगळवारी पोचायचं की बुधवारी, आणि परतीचं तिकीट कधीचं काढायचं, हे त्याला हवं असतं. याचं उत्तर जुन्या मजकुरात कुठेच नाही.

त्या पत्रिकेत दुसरा सापळा आहे. तिच्यावर शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर आहे. आज जानेवारीत तेच चालू आहे, म्हणून डोळ्यांना खटकत नाही. पण ३० मार्चला गुढीपाडवा आहे आणि आपलं लग्न त्यानंतर आहे. म्हणजे शके १९४७, विश्वावसुनाम संवत्सर. पाडव्याआधी छापून पाडव्यानंतर होणाऱ्या लग्नांत ही चूक मी छापखान्यात कितीदा तरी पकडली आहे, आणि दोनदा माझ्या हातून सुटलीही आहे.

१९ जानेवारी, रविवार

विधींची यादी घेऊन गुरुजींकडे गेले. परत आल्यावर यादी अशी.

मंगळवारी २९ला सकाळी घरी देवक आणि ग्रहमख. संध्याकाळी साडेपाचला कार्यालयात सीमांतपूजन, आठ वाजता जेवण. बुधवारी ३०ला सकाळी आठला हळद, दुपारी १२ वाजून ३७ मिनिटांनी मुहूर्त, संध्याकाळी सात ते साडेनऊ स्वागत समारंभ. गृहप्रवेश आणि लक्ष्मीपूजन शुक्रवारी वडोदऱ्याला, तिथला स्वागत समारंभ रविवारी ४ मेला.

वडोदऱ्याचे कार्यक्रमही आपल्या पत्रिकेत घालावेत असं भाचीचं म्हणणं, म्हणजे सगळं एकाच ठिकाणी दिसेल. मी नको म्हटलं. ज्याच्या घरी कार्य, बोलावणं त्याने करायचं. आपण छापलं तर नागपूरच्या पाहुण्याला वाटणार की वडोदऱ्यालाही जायचं आहे, आणि तिकडे विहीणबाईंच्या पानांच्या हिशेबात तो नसणार. पत्रिकेत छापलेली प्रत्येक ओळ हे आमंत्रणच असतं. "माहितीसाठी" म्हणून विधी छापता येत नाही.

हाच नियम ग्रहमखाला लावला. तो घरच्या चाळीस माणसांचा. आमच्या घरात साडेतीनशे कुटुंबं मावणार नाहीत. म्हणून त्याची वेगळी जोडचिठ्ठी काढायची आणि ती फक्त घरच्या पत्रिकांत ठेवायची. मुख्य पत्रिकेत चारच गोष्टी राहतील : सीमांतपूजन, हळद, विवाह, स्वागत समारंभ.

२ फेब्रुवारी, रविवार

"सीमंत" की "सीमांत", यावर अख्खी दुपार गेली. बाजारातल्या निम्म्याहून अधिक पत्रिकांवर "सीमंतपूजन" असतं आणि पुण्याच्या काकांना तेच हवं होतं. पण सीमंत म्हणजे केसांतला भांग, सीमंतोन्नयन हा गर्भिणीचा संस्कार त्यावरून आला. वरपक्ष गावच्या शिवेवर आला की त्याचा सत्कार करायचा, ते सीमांतपूजन. सीमेच्या अंतापाशी होतं म्हणून. काका शेवटी म्हणाले, "लिही बाई तुझं सीमांत, पण लोक म्हणणार छपाईची चूक." म्हणू देत.

यात एक सोय अशी की अर्थ उलगडला की पाहुण्यालाही कळतं की हे वरपक्षाचं स्वागत आहे आणि आदल्या संध्याकाळी आहे. बेंगळुरूच्या मंडळींसाठी जे इंग्रजी कार्ड करायचं आहे, त्यात हा शब्द तसाच ठेवून पुढे एक वाक्य घालणार : "वरपक्षाचे औपचारिक स्वागत, त्यानंतर सर्वांचे एकत्र जेवण." नाव भाषांतरित करत बसलं की काहीतरी विचित्र तयार होतं, आणि कार्यालयाच्या फलकावर ते नाव कुणाला सापडत नाही.

तिथी मात्र सोपी गेली. उत्तरेकडे महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. त्यामुळे वद्य पक्षातलं लग्न असतं तर इंदूरच्या पंचांगात महिन्याचं नाव पुढचं निघालं असतं. शुद्ध पक्षात दोन्हीकडे वैशाखच. वडोदऱ्याला शके ऐवजी विक्रम संवत चालतो, पण आमंत्रण आपलं आहे, तेव्हा शकेच.

९ फेब्रुवारी, रविवार

आज घाईने पूर्वसूचना तयार केली. कारण रेल्वे. गेल्या १ नोव्हेंबरपासून आरक्षण १२० दिवसांऐवजी ६० दिवस आधी उघडतं. प्रवासाचा दिवस सोडून मोजायचं. २८ एप्रिलला निघणाऱ्यासाठी ते २७ फेब्रुवारीला उघडणार, १ मेला परतणाऱ्यासाठी २ मार्चला. आमची पत्रिका मार्चअखेर छापून येणार. उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर महिनाभर आधी तिकीट मागितलं तर प्रतीक्षा यादीच हाती येते. म्हणजे दूरच्या पाहुण्याच्या दृष्टीने पत्रिका उशिराच पोचणार, आणि खरं काम या पूर्वसूचनेनेच करायचं आहे.

मजकूर फोनवर पाठवायचा, म्हणून आठ ओळींच्या आत बसवला :

"सप्रेम नमस्कार. चि. ___ हिचा विवाह बुधवार, ३० एप्रिल रोजी सांगली येथे योजिला आहे. कार्यक्रम मंगळवार, २९ एप्रिल संध्याकाळी ५.३० पासून बुधवार, ३० एप्रिल रात्री ९.३० पर्यंत. मंगळवारी दुपारपर्यंत पोचावे आणि गुरुवार, १ मे रोजी परतावे, असे मनापासून वाटते. रेल्वेचे आरक्षण जाण्यासाठी २७ फेब्रुवारीपासून व येण्यासाठी २ मार्चपासून खुले होईल (२८ एप्रिलला निघून १ मेला परतल्यास). गाडी सांगलीला थांबत नसल्यास मिरज जंक्शनचे तिकीट काढावे, तेथून आणण्याची सोय आहे. रीतसर पत्रिका मार्चअखेर पाठवत आहोत."

शेवटचं वाक्य ताईने घालायला लावलं, आणि ते बरोबरच होतं. ते नसतं तर आत्याच्या सासरी "फोनवरच बोलावलं" असं झालं असतं. नुसत्या निरोपावर माणूस लग्नाला येत नाही, अक्षत यावी लागते.

१६ फेब्रुवारी, रविवार

आजचा दिवस जड गेला. निमंत्रक कोण, हे ठरवायचं होतं.

भाऊजींना जाऊन चार वर्षं झाली. पुण्याच्या काकांचं म्हणणं, रीतीप्रमाणे पत्रिका घरातल्या कर्त्या पुरुषाच्या, म्हणजे त्यांच्या नावाने निघावी. म्हणण्यात प्रेम होतं, हट्ट नव्हता. ताई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पोरीची फी मी भरली, आता बोलावणंही मीच करते." विषय तिथेच संपला. निमंत्रक श्रीमती, म्हणजे ताई. "आपले विनीत" या मथळ्याखाली काका-काकू, मामा-मामी आणि आम्ही.

मग वाक्यरचना. जुन्या साच्यात "श्री. व सौ. ___ यांची कन्या" असतं. छापखान्यात घाईने त्याच्या पुढे नुसतं "कै." लावतात आणि "कै. श्री. व सौ." असं भयंकर काहीतरी छापून येतं, म्हणजे हयात आईसुद्धा कैलासवासी. म्हणून दोघांचे उपपद वेगळे : "कै. ___ व श्रीमती ___ यांची ज्येष्ठ कन्या". वराकडे "श्री. व सौ. ___ यांचे सुपुत्र चि. ___". तिथे "यांचे चिरंजीव चि." असं दुहेरी होऊ द्यायचं नाही. आणि वधूला "चि. सौ. कां.", कां वर अनुस्वार. सौभाग्यकांक्षिणी हा शब्द विसरला गेल्यामुळे तो अनुस्वार हल्ली सगळीकडे गळतो.

रात्री यादी चाळताना लक्षात आलं की नागपूरच्या एका मित्राला भाऊजी गेल्याचं बहुधा माहीतच नाही. दोघांचा संपर्क त्याआधीच सुटला होता. नाव, पत्ता भाऊजींच्या जुन्या डायरीतून आलेला. लाल-सोनेरी पत्रिका उघडल्यावर "कै." वाचून त्यांना कळणार, हे बरं दिसत नाही. त्यांना आधी फोन करायचा, तोही ताईने नाही, मी.

१७ फेब्रुवारी, सोमवार

फोन केला. माहीत नव्हतं. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग तारीख विचारून घेतली.

८ मार्च, शनिवार

घोटाळा, आणि तो माझ्याच हातचा. बेंगळुरूहून भाचीच्या दोन मैत्रिणींचा फोन. त्यांनी ३० तारखेला दुपारी चारला कोल्हापूरला उतरणारं विमान काढलं आहे. का, तर "हळद आठ वाजता आहे ना, वेळेत पोचू."

पूर्वसूचनेनंतर इंग्रजीत पाठवलेल्या छोट्या निरोपात मी लिहिलं होतं, "३० एप्रिल : हळद ८, विवाह १२.३७, स्वागत ७." आमच्या डोळ्यांना हळद म्हणजे सकाळ. पण त्यांनी बघितलेल्या लग्नांत हळद रात्री गाण्याबजावणीसह असते, आणि मुहूर्त मध्यरात्रीनंतरचाही असतो. त्यांनी आठ रात्रीचे धरले, १२.३७ मध्यरात्रीचे, आणि सातचा स्वागत समारंभ दुसऱ्या दिवशीचा. त्यांचा हिशेब चुकीचा नव्हता, मीच अर्धवट लिहिलं होतं. तिकिटं बदलली, पैसे ताईने द्यायला बघितले, मुलींनी घेतले नाहीत.

तेव्हापासून नियम : कुठलाही आकडा सकाळी, दुपारी, संध्याकाळी, रात्री यांपैकी एका शब्दाशिवाय छापायचा नाही. प्रत्येक कार्यक्रमापुढे वार आणि तारीख पुन्हा लिहायची, "त्याच दिवशी" असं म्हणायचं नाही. मध्यरात्रीच्या आसपासची गाडी असेल तर दोन्ही तारखा घ्यायच्या. व्याह्यांचे एक नातेवाईक बुधवारी रात्री साडेबाराच्या गाडीने परतणार आहेत. त्यांच्या तिकिटावर १ मे आहे आणि आमच्या गाडीवाल्याच्या कागदावर ३० एप्रिल होतं. आता तिथे "३० एप्रिल व १ मे यांमधील रात्र" असं लिहिलं आहे.

मुहूर्ताचंही तसंच. १२.३७ ही अक्षता पडण्याची वेळ. मंगलाष्टकं त्याआधी सुरू होतात, आणि एप्रिलच्या उन्हात खोलीवरून तयार होऊन निघायला वेळ लागतो. मुहूर्ताच्या ओळीत बदल नको, ती शास्त्राची ओळ आहे. प्रवासाच्या चिठ्ठीत मात्र लिहू : "अक्षतांसाठी दुपारी १२ पर्यंत सभागृहात यावे."

१५ मार्च, शनिवार

धुळवडीचे रंग नखांत असतानाच पहिलं मुद्रित आलं. चुका तीन. "अक्षय तृतीया" (आपल्याला अक्षय्य हवं), कां वरचा अनुस्वार गळलेला, आणि सीमांतपूजनापुढे "बुधवार, २९ एप्रिल". वार आणि तारीख जुळतात का, हे नजरेने तपासू नये, दिनदर्शिका समोर ठेवून बोटाने तपासावं.

मुख्य मजकूर आता असा आहे :

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

"स. न. वि. वि. आमच्या येथे श्रीकृपेने कै. ___ व श्रीमती ___ यांची ज्येष्ठ कन्या चि. सौ. कां. ___ हिचा शुभविवाह वडोदरा येथील श्री. व सौ. ___ यांचे सुपुत्र चि. ___ यांच्याशी शके १९४७, विश्वावसुनाम संवत्सर, वैशाख शुद्ध तृतीया (अक्षय्य तृतीया), बुधवार, दि. ३० एप्रिल २०२५ रोजी दुपारी १२ वाजून ३७ मिनिटांनी या शुभमुहूर्तावर करण्याचे योजिले आहे. तरी या मंगलप्रसंगी आपण सहकुटुंब सहपरिवार उपस्थित राहून वधूवरांस शुभाशीर्वाद द्यावेत, ही आग्रहाची विनंती."

त्याखाली बाकीचे तीन कार्यक्रम, एकेका ओळीत. बाहेरगावच्या नव्वद पत्रिकांत आणखी एक वाक्य : "अंतरामुळे प्रत्यक्ष येऊन अक्षत देणे शक्य झाले नाही, तरी हीच आमची भेट मानावी."

"सहकुटुंब सहपरिवार" यावर भाऊ अडला. तो खोल्यांचा हिशेब बघतो आहे. चोवीस खोल्या, आणि परिवार म्हणजे किती माणसं? जुन्या मराठीत कुटुंब म्हणजे बायको, तेव्हा परिवार या शब्दात बाकी सगळं गणगोत आलंच. त्याची सूचना : "आपल्या घरातील ___ जणांनी यावे" अशी रिकामी जागा ठेवू आणि हाताने भरू. वाचूनच अंगावर काटा आला. आपल्याकडे पत्रिकेत माणसं मोजत नाहीत. ते शब्द तसेच राहणार. मोजणी चिठ्ठीत करू, आणि तीही पाहुण्याच्या सोयीसाठी : "खोली आपल्या नावाने ठेवता यावी म्हणून किती जण व कधी पोचणार, हे १० एप्रिलपर्यंत कळवावे." अर्थ तोच आहे, पण ही विचारपूस वाटते.

आहेराची ओळ एका मिनिटात ठरली : "कृपया आहेर आणू नयेत." "आपली उपस्थिती हाच आहेर" वगैरे काही नको. किलबिलमध्ये नऊ मुलांची नावं आहेत, त्यांतला एक यंदा बारावीला आहे आणि त्याला त्या यादीतून सुटायचं आहे. त्याच्या आजीने परवानगी दिलेली नाही.

२२ मार्च, शनिवार

प्रवासाची चिठ्ठी आज छपाईला गेली. पत्रिकेच्याच कागदावर, पण साध्या काळ्या अक्षरात, घडी न घालता. पत्रिका देवापुढे राहते, चिठ्ठी पाकिटात किंवा फोनच्या कव्हरमागे जाते, म्हणून वेगळी. भाषाही वेगळी. इथे "योजिले आहे" नाही, बोलल्यासारखं आहे :

"मंगळवार, २९ एप्रिल. खोल्या दुपारी १ वाजल्यापासून तयार. मिरज व सांगली या दोन्ही स्थानकांवर आपला माणूस असेल, गाडीचा क्रमांक आधी कळवावा. कार्यालय दोन्ही गावांच्या मधल्या रस्त्यावर, विश्रामबागेजवळ आहे. विमानाने येणाऱ्यांना कोल्हापूर जवळ. गुरुवार, १ मे. खोल्या दुपारी १२ पर्यंत आपल्याच. सकाळी ८ वाजता सांगलीचा गणपती आणि हरिपूरचा संगम येथे जाण्यासाठी गाडी निघेल, ज्यांना यायचे आहे त्यांनी यावे."

खोल्यांची वेळ आधी "दुपारी" एवढीच लिहिली होती. आठ मार्चची नोंद आठवली आणि १ घातला. खाली दोन फोन नंबर दिलेत, एक भावाचा आणि एक माझा. ताईचा मुद्दाम दिला नाही. २९च्या सकाळी ती देवकापुढे बसलेली असेल आणि मिरजेला उतरलेला माणूस तिलाच फोन लावेल.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

पहिली पत्रिका गणपतीपुढे ठेवली. दुसरी कुलदेवीची. बाहेरगावच्या पत्रिका उद्या टपालात. आज शके १९४७ सुरू झालं, पत्रिकेवरचा आकडा आता खरा झाला.

१२ एप्रिल, शनिवार

नव्वदपैकी एकसष्ट घरांनी कळवलं. बाकीच्यांना भाऊ फोन करतो आहे. इंदूरच्या आत्यांनी पत्राने कळवलं, माणसं सहा, शिवाय "सीमांत हा शब्द बरोबर छापलात" असंही लिहिलं. ते पत्र काकांना दाखवलं. काही बोलले नाहीत.

२ मे, शुक्रवार

सगळे पोचले. एक कुटुंब चिठ्ठी घरी विसरून सांगली-मिरज सोडून थेट कोल्हापूरला उतरलं, दोन तास उशिरा का होईना सीमांतपूजनाला आलं. तीन खोल्या रिकाम्या राहिल्या. हरिपूरची गाडी छोटी पडली, हे चिठ्ठीचंच यश आणि नियोजनाची चूक. पुढच्या वेळी तिथेही "कळवावे" लिहायला हवं.

नागपूरचे मित्र आले होते. बुधवारी जेवणानंतर त्यांनी माझ्याकडून आणखी एक पत्रिका मागून घेतली.

संध्याकाळी वडोदऱ्याहून विहीणबाईंचा फोन. रविवारच्या समारंभाचं कार्ड फोनवर फिरवायचं आहे, शेवटची नजर टाकाल का? टाकली. आपल्याच पत्रिकेतून उचललेलं "चि. सौ. कां." तसंच राहिलं होतं, आणि ४ मेला लग्न होऊन चार दिवस झालेले असतील. मी म्हटलं, आता नुसतं "सौ." करा. मागून भाचीचा आवाज आला, "मावशी, नुसतं नाव चालेल." विहीणबाईंनी दोन्ही काढलं.